पंखा खरखरतोय की डुलतोय? बेअरिंग बदलण्यापासून पाती तोलण्यापर्यंत

मागच्या वैशाखात आत्याचा फोन आला. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात तिचं जुनं माळवदाचं घर आहे. ढाळजेतल्या तुळईला कडीत अडकवलेला १२०० मिलिमीटरचा पंखा आहे, आणि दुपारी सगळं घर त्याच्याखाली आडवं होतं. "अरे, पंखा रात्रभर खरखर करायलाय, आन् हलायलाय बी. वरून पडतो का काय वाटायलंय. झोपच लागंना," ती म्हणाली. मी विचारलं, "त्यात तेल सोडलं का कुणी?" "सोडलं की. चार दिवस गप बसला, परत सुरू."

मोटार रिवायंडिंगच्या कामात मी बरीच वर्षं काढली. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि तिच्यात बहुतेक वेळा दोन वेगळे बिघाड एकत्र मिसळलेले असतात. खरखर हा बेअरिंगचा आजार आहे. डुलणं हा बहुतांशी पात्यांचा किंवा टांगणीचा. बेअरिंग ढिलं झालं की डुलणं वाढतं हे खरं, पण नवं बेअरिंग बसवलं म्हणून वाकलेलं पातं सरळ होत नाही. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी बिघाड ओळखायचा, मग बेअरिंग, मग पाती न लावता मोटार चालवून आवाज ऐकायचा आणि शेवटी पाती तोलायची. आत्याच्या पंख्यावर हे सगळं करावं लागलं, तेव्हा तेच उदाहरण धरून सांगतो.

आधी आवाज ओळखा

पंखा पूर्ण वेगात फिरू द्या आणि बटण बंद करा. वीज गेली तरी पंखा काही वेळ आपल्या वेगावर फिरत राहतो, त्या वेळात कान द्या. बटण बंद केल्याक्षणी आवाज थांबला तर तो विजेचा होता, म्हणजे रेग्युलेटरची किंवा वायंडिंगची गुणगुण. त्यासाठी पंखा उतरवायची गरज नाही. बटण बंद झाल्यावरही खरखर चालूच राहिली आणि वेग कमी होईल तशी तीही संथ होत गेली, तर आवाज यंत्राचा आहे.

यंत्राचा आवाज म्हणजे बेअरिंगच, असं मात्र लगेच धरू नका. रॉडवरची वाटी सरकून मोटारीच्या वरच्या टोपीला घासत असली तरी असाच आवाज येतो, आणि तो वाटी दोन बोटं वर सरकवून स्क्रू आवळला की जातो. घासण्याचा आवाज एका फेऱ्यात एकदा, ठरावीक जागी येतो. बेअरिंगची खरखर अखंड असते, वाळू दळल्यासारखी.

आता पंखा थांबवा, एका हाताने रॉड घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मोटारीचं अंग हलवून बघा. रॉड जागेवर असताना अंग खटखट हललं तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. मग पातं हलकेच ढकलून सोडा. चांगला पंखा अलगद फिरत राहतो आणि सावकाश थांबतो. बेअरिंग गेलेला पंखा दोन-तीन फेऱ्यांत अडखळून थांबतो, आणि हाताला बारीक खडे लागल्यासारखं जाणवतं.

पंखा आवाज करत नाही, हाताने मोकळा फिरतो, पण हवाच देत नाही, तर तो कपॅसिटरचा प्रश्न आहे. घरगुती पंख्याला बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो उतरला की वेग पडतो. त्यासाठी मोटार उघडू नका.

आत्याकडे खरखर बटण बंद केल्यावरही चालू होती, आणि मोटारीचं अंग धरून हलवलं तर स्पष्ट खट्‌ लागत होतं. बेअरिंग गेलं होतं. डुलण्याचं कारण नंतर सापडलं, ते पुढे येईल.

वीज आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद

आपल्याकडे इथे अपघात होतात. मेन स्विच खाली केला, घरातली वीज गेली, आता निर्धास्त, असं वाटतं. पण भारनियमनामुळे बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आहे, आणि पंखे त्याच्यावरच जोडलेले असतात. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि पंख्याच्या तारेत वीज तशीच राहते. म्हणून मेन किंवा एमसीबी बंद करा, इन्व्हर्टरही त्याच्या बटणावर बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. भिंतीवरच्या बटणावर भरवसा ठेवू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर घातलेलं असतं, तेव्हा बटण बंद असूनही पंख्यापर्यंत फेज पोचतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करा, मग पंख्याच्या जोडावर लावून बघा.

उतरवताना खुणा करा

माझा आग्रह आहे की काहीही सोडण्याआधी मार्कर हातात घ्या. तिन्ही पात्यांवर १, २, ३ आकडे टाका आणि पातं मोटारीवर जिथं बसतं तिथेही तोच आकडा टाका. पाती आणि मोटार एकमेकांशी जुळवून बसलेली असतात. अदलाबदल झाली की चांगला पंखाही डुलू लागतो. त्यानंतर पात्यांचे स्क्रू सोडा आणि पाती सपाट जागी ठेवा. भिंतीला टेकवून उभी करू नका, वाकतात.

आता वाटी खाली सरकवा. तिच्या मागे तारांचा जोड आणि कपॅसिटर दिसेल. मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढा. तारांचे रंग प्रत्येक पंख्यात वेगळे असतात, तेव्हा आठवणीवर काम करू नका. कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना एकदम हात लावू नका. इन्सुलेशनच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दोन्ही टोकांवर आडवा टेकवून आधी तो रिकामा करा.

पाती काढल्यावरही मोटार जड असते. म्हणून एकाने खालून दोन्ही हातांनी धरायची आणि दुसऱ्याने घोडीवर चढून वरचा बोल्ट सोडायचा. एकट्याने हे करू नका. बोल्टला आडवी स्प्लिट पिन असते. तिचे पाय पकडीने सरळ करून ती ओढा आणि फेकून द्या. एकदा वाकवलेली पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते, म्हणून पंखा परत टांगताना नवी घालायची. टांगणीतली रबरी गुल्लीही आत्ताच बघा. कडक होऊन तडकली असेल तर तीही बदलायची.

मोटार उघडणं

सीलिंग पंख्याची रचना इतर मोटारींच्या उलट असते. मधला शाफ्ट आणि त्याच्यावरचं वायंडिंग स्थिर, आणि बाहेरचं अंग फिरतं. वरच्या आणि खालच्या टोपीत एकेक बेअरिंग असतं. बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर घट्ट बसते, बाहेरची कडी टोपीतल्या घरात बसून टोपीबरोबर फिरते. हे चित्र डोळ्यांसमोर असलं की पुढची सगळी पावलं समजतात.

एका पोत्यावर किंवा जाड गोधडीवर मोटार ठेवा. वरची आणि खालची टोपी जिथं मिळते तिथं दोन्हींवरून जाणारी एक आडवी रेघ मार्करने मारा, म्हणजे जोडताना त्याच जागी येईल. कडेचे स्क्रू सोडा. टोपी सहसा निघत नाही. लाकडाचा तुकडा कडेला लावून हातोडीने गोल फिरत हलके हलके ठोका. एकाच बाजूला जोर केला की टोपी तिरकी अडकते. फटीत स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका. टोपीची कड दबते आणि मग ती कधीच सरळ बसत नाही.

वरची टोपी निघाली की शाफ्टसह वायंडिंग उचलून बाहेर काढा. वायंडिंगची तार केसाएवढी बारीक असते, तिला कशाचाही धक्का लागू नये. शाफ्टच्या भोकातून बाहेर येणाऱ्या तारांचं नळीचं आवरण कापलं गेलंय का ते बघा. बेअरिंगजवळ कुठेतरी एक पातळ, लाटांसारखी वाकलेली वॉशर निघेल. ती कुठल्या बाजूला होती, किती होत्या, हे लिहून ठेवा. ती बेअरिंगवर कायम हलका दाब ठेवते. परत घालायची राहिली तर नव्या बेअरिंगमध्येही खडखड होते, आणि माणसाला वाटतं बेअरिंगच खोटं निघालं.

आत्याच्या मोटारीत खालच्या बेअरिंगभोवती काळपट तेलात मिसळलेली धूळ होती आणि शाफ्टवर तपकिरी पूड. ही पूड ओळखायला शिका. गंजासारखी दिसते, पण ओल लागून झालेली नसते. कडी आपल्या जागेत घट्ट न राहता बारीकशी सरकत, घासत राहिली की असं चूर्ण तयार होतं. म्हणजे तिथे नुसतं बेअरिंग नाही, बेअरिंगची बैठकही तपासायला हवी.

तेलाबद्दल इथेच सांगतो, कारण गावोगाव हाच उपाय करतात. पंख्याच्या बेअरिंगमध्ये कारखान्यातच घट्ट ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी झाकण लावलेलं असतं. वरून शिलाई मशीनचं किंवा खोबऱ्याचं तेल सोडलं की ते झाकणाच्या फटीतून आत शिरतं, ग्रीस पातळ करतं आणि ग्रीस बाहेर येऊ लागतं. काही दिवस आवाज बंद होतो. मग उरलेलं तेल धूळ धरून ठेवतं, आणि कापूस-तुरीच्या दिवसांत आपल्याकडे धुळीला तोटा नाही. शिवाय जादा तेल वायंडिंगवर उतरतं. आत्याचं बेअरिंग तेलाशिवाय कदाचित आणखी एक उन्हाळा चाललं असतं.

कोणतं बेअरिंग आणायचं

जुन्या बेअरिंगच्या कडीवर आकडा कोरलेला असतो, तोच घ्यायचा. पुष्कळ पंख्यांत ६२०२ असतं. ते १५ मिलिमीटर आतला व्यास, ३५ मिलिमीटर बाहेरचा आणि ११ मिलिमीटर जाडी या मापाचं असतं. काही पंख्यांत एका बाजूला ६२०१ असतं, म्हणजे १२, ३२ आणि १०. दोन्ही बाजूंना एकच आकडा असेल असं समजू नका, दोन्ही बेअरिंगं दुकानात घेऊन जा. आकड्यापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, दोन-आरएस असेल तर रबरी. पंख्यासाठी झेडझेड पुरतं. रबरी झाकण धूळ जास्त अडवतं, पण थोडं जड फिरतं.

एकच गेलं असलं तरी दोन्ही बदला. दुसरं तितकेच तास फिरलेलं असतं, आणि मोटार उघडायचे कष्ट पुन्हा घ्यावे लागतात. बेअरिंग इलेक्ट्रिकच्या टपरीतून सुटं, डबीशिवाय घेऊ नका. बेअरिंग विकणाऱ्या दुकानातून बंद डबीतलं घ्या. हातात धरून बाहेरची कडी कानाजवळ फिरवा. नवं बेअरिंग जवळजवळ नि:शब्द आणि लोण्यासारखं फिरतं. कुठे बारीक अडखळलं तर परत द्या.

जुनं काढणं, नवं बसवणं

एक नियम आहे: जी कडी घट्ट बसते, जोर तिच्यावरच द्यायचा. शाफ्टवर बसवताना आतल्या कडीवर, टोपीत बसवताना बाहेरच्या कडीवर. उलटं केलं तर सगळा मार मधल्या गोळ्यांवर जातो, कडीवर सूक्ष्म खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणू लागतं. बेअरिंग खराब निघालं म्हणून परत आणणाऱ्यांपैकी बरीच बेअरिंगं मी हातोडीने मारलेली पाहिली आहेत.

शाफ्टवरचं जुनं बेअरिंग पुलरने काढा. त्याआधी शाफ्टवर कुठे सर्क्लिप, म्हणजे खाचेतली स्प्रिंगची कडी, असेल तर ती काढून घ्या. छोटा पुलर रिवायंडिंगच्या दुकानात मिळतो, मागितला तर वापरायलाही देतात. पुलर नसेल तर हे काम दुकानातच करून घेतलेलं बरं. छिन्नीने उचकटताना शाफ्टवर चरा पडतो आणि घसरलेली छिन्नी वायंडिंगमध्ये जाते. टोपीत अडकलेलं बेअरिंग आतल्या बाजूने लोखंडी सळईने, कडीच्या चारी बाजूंना आलटून पालटून ठोकत काढा. टोपी ॲल्युमिनियमची असेल तर ती उकळत्या पाण्यात बुडवून गरम करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि बेअरिंग सहज निघतं. नवं बसवतानाही हीच युक्ती चालते, फक्त टोपी आधी पूर्ण कोरडी पुसून घ्या.

नवं बसवण्याआधी घर आणि शाफ्ट रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडे करा. नवं बेअरिंग मात्र रॉकेलने धुऊ नका, आतलं ग्रीस जाईल. आता बैठक तपासा. थंड टोपीच्या घरात बेअरिंग नुसत्या बोटाने सुळकन आत जाऊन हललं तर घर झिजलं आहे. शाफ्टवर बोटाने सरकून डुललं तर शाफ्ट झिजला आहे. ही तपासणी टाळली तर सगळं काम वाया जातं. दोन महिन्यांत तीच खरखर परत येते.

घर ढिलं असेल तेव्हा काही कारागीर टोपीच्या आत पंचने ठिपके मारून कड फुगवतात. तात्पुरतं घट्ट होतं, पण बेअरिंग त्या ठिपक्यांवरच टेकतं आणि किंचित तिरकं राहतं. त्यापेक्षा बेअरिंग बसवण्याचा खास चिकटद्रव मिळतो, तो चांगला. दोन्ही पृष्ठभाग तेल पूर्ण काढून कोरडे करायचे, बारीक थेंब फिरवायचा, बेअरिंग सरळ बसवायचं आणि पाकिटावर सांगितलेला वेळ हलवायचं नाही. तो बेअरिंगच्या आत जाणार नाही याची काळजी घ्या. पण ढिलेपणा डोळ्यांना दिसण्याइतका असेल, किंवा टोपी पातळ पत्र्याची असून फाकली असेल, तर चिकटद्रव पुरणार नाही. टोपी बदला. ती मिळत नसेल तर त्या पंख्याचं आयुष्य संपलं म्हणा.

आत्याच्या पंख्यात टोप्या ठीक होत्या. शाफ्टवर खालच्या बाजूला बेअरिंग बोटाने सरकत होतं, पण डुलत नव्हतं. तिथे चिकटद्रव लावून बसवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

ठोकण्यासाठी सॉकेट पान्यांच्या संचातला योग्य मापाचा सॉकेट घ्या. बाहेरच्या कडीसाठी ज्याचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटरपेक्षा किंचित लहान आहे असा, म्हणजे झाकणाला न टेकता कडीवर बसेल असा. आतल्या कडीसाठी शाफ्टवरून जेमतेम जाणारा पाइपचा तुकडा चालतो. तो फक्त आतल्या कडीला टेकतोय ना हे बघून घ्या. हलके ठोके द्या. बेअरिंग तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, बोद आवाजाचा टणक होतो. तिथे थांबा.

जोडणी उलट्या क्रमाने: लाटांची वॉशर जागेवर, वायंडिंग आत, रेघेला रेघ जुळवून टोपी, मग स्क्रू. स्क्रू एका पाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक वेळी अंग हाताने फिरवून बघा. एका जागी जड जायला लागलं तर टोपी तिरकी बसली आहे. स्क्रू ढिले करून लाकडाने ठोका आणि पुन्हा आवळा. आतून घासल्याचा आवाज आला तर फिरतं अंग वायंडिंगच्या पत्र्यांना टेकतंय. तसं चालवू नका.

वीज देण्याआधी सिरीज बल्बने, म्हणजे विजेच्या तारेत मधे बल्ब जोडून केलेल्या तपासणीच्या दिव्याने, वायंडिंगची तार आणि मोटारीचं अंग तपासा. त्यात चालू वीज असते, तेव्हा जोडलेल्या अंगाला हात लावू नका. बल्ब किंचितही पेटला तर वायंडिंग अंगाला लागलं आहे, पंखा टांगायचा नाही.

आधी पाती न लावता चालवा

मोटार परत टांगा. बोल्ट, नवी स्प्लिट पिन, रॉडचा आडवा बोल्ट आणि त्याचा लॉक-स्क्रू एकेक करून बघा. गुल्लीवर रॉड मोकळा झुलला पाहिजे, म्हणजे तो स्वत:च सरळ लोंबकळतो. वाटी वरून छताला किंवा खालून टोपीला टेकता कामा नये. मग पाती न लावता दहा मिनिटं पूर्ण वेगात चालवा.

हे पाऊल बरेच जण वगळतात. इथे आवाज नाही म्हणजे बेअरिंगचं काम जमलं. यानंतर जे काही हलेल ते पात्यांचं किंवा टांगणीचं. नाहीतर सगळं एकदम जोडून चालू केल्यावर डुललं की बेअरिंगला दोष दिला जातो आणि माणूस परत मोटार उघडतो.

आत्याची मोटार पाती नसताना इतकी शांत चालली की ती स्वयंपाकघरातून विचारत आली, "चालू झाला का नाही अजून?"

पाती तोलणं

पाती साबणाच्या पाण्याने वरून-खालून धुवा. पात्याच्या वरच्या अंगावर कडेला साचलेली धूळ-काजळी तिन्हींवर सारखी नसते. कधी कधी तेवढ्यानेच डुलणं थांबतं. आकड्याला आकडा जुळवून पाती लावा, सगळे स्क्रू सारखे आवळा. एखादं पातं बदलावं लागलं तर तिन्हींचा संच बदला. सुटं एक पातं वजनाला जुळत नाही.

मग उंची मोजा. घोडीला एक काठी आडवी बांधून तिचं टोक पात्याच्या टोकाजवळ आणा. पंखा हाताने फिरवत एकेक पातं त्याच जागी आणून काठीपासूनचं अंतर बघा. छतावरून मोजत असाल तर छताची एकच जागा धरा, माळवदाचे सर-तुळया एका पातळीत नसतात. तिन्ही टोकांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. त्यानंतर टोकापासून टोकापर्यंतची तीन अंतरं मोजा. १२०० मिलिमीटरच्या पंख्यात ती सुमारे १०४ सेंटिमीटर भरतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, तिन्ही सारखी हवीत.

आत्याच्या पंख्यात तुळईवरच्या खुणेपासून पहिलं पातं ३१.५, दुसरं ३१.४ आणि तिसरं ३२.६ सेंटिमीटर निघालं. तिसरं पातं अकरा-बारा मिलिमीटर खाली लोंबत होतं. विचारल्यावर कळलं की रंगकामाच्या वेळी पंखा काढून अंगणात ठेवला होता आणि त्यावर पोतं पडलं होतं. डुलणं तेव्हापासूनचं.

वाकलेलं पातं सरळ करताना पात्याचं पान धरू नका, त्याचा बाक बिघडला की हवा कमी होते. पातं जिथं मोटारीला जोडतं तो जाड दांडा दोन्ही हातांनी धरून हळू उचला, मोजा, पुन्हा उचला. फरक थोडा असेल तर दांड्याच्या स्क्रूखाली पातळ वॉशर घालूनही भागतं. तिसरं पातं ३१.६ वर आणलं आणि पंखा चालवला. तीन चतुर्थांश डुलणं गेलं.

उरलेलं वजनाचं. सुमारे पाच ग्रॅमची एखादी लोखंडी वॉशर किंवा नट घ्या. वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघा. ती पहिल्या पात्याच्या वरच्या अंगावर, मधोमध, मजबूत टेपने दोनदा गुंडाळून लावा. कपड्याचा चिमटा लावू नका, पूर्ण वेगात तो सुटून डोळ्याला लागू शकतो. पंखा चालवताना खाली कुणी उभं राहू नका. बघा, मग तीच वॉशर दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर लावून बघा. ज्या पात्यावर डुलणं सगळ्यात कमी झालं, तेच हलकं आहे. दोन पात्यांवर सारखंच बरं वाटलं तर वजन दोन्हींवर वाटून लावा.

पातं सापडलं की जागा शोधा. मधोमध कमी पडलं तर टोकाकडे सरकवा, डुलणं उलट वाढलं तर मोटारीकडे. मध्यापासून अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच वजनाचा परिणाम दुप्पट होतो, म्हणून टोकाजवळचे पाच ग्रॅम म्हणजे अर्ध्यावरचे दहा ग्रॅम. एका वेळी तीन-चार बोटं सरकवा आणि पंखा पूर्ण वेगात आल्यावरच निकाल द्या. जागा ठरली की ती जागा घासून पुसून, वॉशर धातू चिकटवणाऱ्या चांगल्या चिकटद्रवाने वरच्या अंगावर बसवा.

आत्याकडे पहिल्या पात्यावर फरक पडला नाही, तिसऱ्यावर वाढलं, दुसऱ्यावर कमी झालं. दुसऱ्याच्या टोकाकडे साधारण एक वीत सरकवल्यावर रॉड जवळजवळ स्थिर झाला.

पण पूर्ण नाही. बाजूला उभं राहून वर बघितलं तेव्हा कळलं की आता पंखा डुलत नव्हता, कडी डुलत होती. तुळईत ठोकलेल्या जुन्या कडीभोवतीचं लाकूड भुसभुशीत झालं होतं. पात्यांवर कितीही वजनं लावली तरी हे थांबलं नसतं. पंखा उतरवला, सुताराला बोलावून तुळईच्या आरपार जाणारा बोल्ट आणि वर रुंद लोखंडी पट्टी टाकून नवी कडी बसवली, मग पंखा परत टांगला. स्लॅबच्या घरात हीच तपासणी हुकाच्या सळईची करायची. गंजून बारीक झालेली असेल तर तिच्यावर पंखा नको.

शेवटच्या दोन गोष्टी. आठ दिवसांनी पंखा थांबवून पात्यांचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा, नव्याने बसवलेले स्क्रू थोडे सैल होतात. आणि वाटीच्या आत मार्करने बेअरिंगचा आकडा व बसवल्याची तारीख लिहून ठेवा. आत्याच्या पंख्यात आता दोन्हीकडे ६२०२ लिहिलेलं आहे. पुढच्या वेळी जो कुणी ती वाटी खाली सरकवेल, त्याला मोटार उघडण्याआधीच बेअरिंग घेऊन येता येईल.